मापट्याची पाटी: शाळेतल्या संग्रहालयासाठी मराठी आणि इंग्रजी मजकूर कसा लिहिला



मागच्या वर्षी आमच्या शाळेत एक रिकामी खोली मिळाली आणि मुलांनी घरोघरी फिरून जुन्या वस्तू गोळा केल्या. जातं, पाटा, कंदील, आडाचा पोहरा, अडकित्ता आणि धान्य मोजायची मापं. वस्तू जमल्या, टेबलं लागली, आणि मग त्यांच्यासमोर पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे हे काम आपल्याला अगदी सोपं जाणार असं मला वाटलं होतं. एका दुपारी बसून बावीस पाट्या लिहून काढल्या. त्यातल्या एकवीस नंतर फाडाव्या लागल्या. उरलेली एक म्हणजे 'कंदील', कारण त्या पाटीवर तेवढाच एक शब्द होता!

सगळ्या पाट्यांबद्दल सांगत बसले तर लेख लांबेल. म्हणून एकाच पाटीची गोष्ट सांगते, मापट्याची. आमचं मापटं लोखंडी पत्र्याचं आहे, काठाला पितळी पट्टी, एका बाजूला थोडं चेपलेलं. सहावीतल्या एका मुलीच्या पणजीने ते दिलं. माझी पहिली पाटी अशी होती:

"मापटे. धान्यमापनाचे पारंपरिक परिमाण. लोहपत्रा. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध. कृषिप्रधान समाजव्यवस्थेत धान्याच्या देवाणघेवाणीकरिता आकारमानावर आधारित मापनपद्धती प्रचलित होती. सदर वस्तू या पद्धतीची द्योतक आहे."

व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखनाची नाही. उद्घाटनाच्या दिवशी त्या पणजी स्वतः आल्या. पणतीने त्यांना पाटी मोठ्याने वाचून दाखवली. आजी ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "ह्ये काय लिव्हलंय बाई? आन् आमचं मापटं कुठं ठिवलंय?" मापटं त्यांच्यासमोरच होतं. पाटीवरच्या शब्दांत त्यांना ते सापडत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मापट्याबद्दल विचारलं, तर आजी जवळजवळ तासभर बोलल्या आणि त्यात 'परिमाण' हा शब्द एकदाही आला नाही. त्यांच्या बोलण्यात सारखा येणारा शब्द होता 'शीग'. मापात धान्य ओतत गेलं की काठ भरल्यावरही ते वर साचत राहतं, आणि वर टोकदार ढीग होतो, ती शीग. काठावरून हात किंवा काठी फिरवून ती पाडली की माप सपाट होतं. आजी लहानपणापासून दुसऱ्यांच्या रानात राबल्या होत्या आणि मजुरीचं धान्य मापाने घ्यायच्या. त्या म्हणाल्या, "उसनं दिल्यालं परत घेताना शीग लावून घ्यायचे, आन् आमाला देताना हात फिरवून द्यायचे. माप तेच वो बाई, हात निराळा."

माझ्या पाटीतल्या 'देवाणघेवाण' या एका गुळगुळीत शब्दाखाली हे सगळं झाकलं गेलं होतं. तोवर मला वाटायचं की अवघड शब्दांचा तोटा इतकाच की मुलांना ते कळत नाहीत. पण अशा शब्दांत वाक्याचा कर्ताच नाहीसा होतो. 'पद्धती प्रचलित होती' म्हटलं की कोण मोजत होतं, कोणासाठी मोजत होतं आणि धान्य कोणाला कमी मिळत होतं, हे काहीच सांगावं लागत नाही.

मग दुसरा मसुदा लिहायला घेतला. या कामी मला मार्गारेटा एकार्व या स्वीडिश लेखिकेची पद्धत उपयोगी पडली. त्यांनी १९८० च्या दशकात संग्रहालयांसाठी सोपा मजकूर लिहिण्याचा प्रयोग केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संग्रहालयात माणूस उभ्याने वाचतो, आजूबाजूला गडबड असते, म्हणून ओळ आखूड ठेवा, आणि बोलताना आपण जिथे थांबतो तिथेच ओळ तोडा. वाक्य सरळ असू द्या, लिहिलेलं मोठ्याने वाचा आणि जीभ अडली तिथे बदला. त्यांनी एका ओळीला साधारण ४५ अक्षरांची मर्यादा घातली होती. ती रोमन लिपीसाठी. देवनागरीत काना-मात्रा कशा मोजायच्या हा वाद घालत बसण्यापेक्षा मी एका ओळीत सहा-सात शब्द एवढंच ठरवलं.

ओळ कुठे तोडायची हे मराठीत फार महत्त्वाचं आहे, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. 'आजी मजुरीचं धान्य या मापट्याने' इथे ओळ संपली, तर मूल पुढच्या ओळीपर्यंत अधांतरी राहतं. चौथीतली मुलं अशा वेळी क्रियापद मनानेच लावतात आणि निघून जातात. लांब वाक्याचे दोन तुकडे केले, की प्रत्येक तुकड्याला आपलं क्रियापद मिळतं.

दुसरा मसुदा असा झाला: "मापटं. याने धान्य मोजत. दोन मापटी म्हणजे एक शेर. एका मापट्यात सुमारे अर्धा किलो धान्य बसतं. तुम्हाला माहीत आहे का, मापट्याहून लहान माप कोणतं?"

ही पाटी घेऊन मी दुसऱ्या वर्गातल्या मुलांवर चाचणी केली. चाचणी म्हणजे फार काही नाही. मुलाला पाटीसमोर उभं करायचं, आपण गप्प बसायचं, आणि वाचून झाल्यावर म्हणायचं, "आता हे मैत्रिणीला सांग." पाटी झाकून ठेवायची. 'कळलं का?' असं मात्र विचारू नका, त्याला सगळी मुलं 'हो बाई' म्हणतात. मैत्रिणीला सांगताना मूल जे गाळतं, ते त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. आणि जे भलतंच सांगतं, तिथे आपलं वाक्य चुकलेलं असतं.

पहिल्याच मुलाने सांगितलं, "दोन मापटी म्हणजे एक वाघ." आम्ही सगळेच हसलो, पण त्याची चूक नव्हती. शेर म्हणजे त्याला सिनेमातला शेर माहीत. 'शेर' हा शब्द अवघड आहे असं मला वाटलंच नव्हतं, कारण तो छोटा आहे. पारिभाषिक शब्द नेहमी लांबलचक आणि संस्कृतच असतो असं नाही. ज्या शब्दाचा जुना अर्थ आता वापरात नाही, तो दोन अक्षरी असला तरी मुलांसाठी पारिभाषिकच.

दुसरी गडबड किलोची. मी सोपं व्हावं म्हणून 'अर्धा किलो' लिहिलं, आणि तीन-चार मुलांनी 'हे अर्ध्या किलोचं वजन आहे' असंच सांगितलं. एका मुलीने तर विचारलं, "मग ते तराजूत कुठं ठेवायचं?" मी स्वतःच मापट्याची मूळ गोष्ट बिघडवली होती. मापटं वजन सांगत नाही, जागा सांगतं. मग आम्ही वर्गात तराजू आणला. मापटं एकदा ज्वारीने काठोकाठ भरून तोललं आणि एकदा कुरमुऱ्यांनी. ज्वारीच्या पाव वजनाचेसुद्धा कुरमुरे बसले नाहीत. एकच माप, एकच भरणं, आणि वजनात एवढा फरक! त्यानंतर 'अर्धा किलो' पाटीवरून गेलं. जुन्या मापाचं नव्या मापात रूपांतर देणं ही सोय वाटते, पण शेर, मापटं, पायली यांच्याबाबतीत ती फसवी आहे. शिवाय गावोगावी या मापांचा आकार थोडा वेगळा असे.

तिसरी चूक प्रश्नाची. 'तुम्हाला माहीत आहे का' हा प्रश्न आपण पाट्यांवर फार सहज लिहितो. पण मापट्याहून लहान माप चिपटं, हे मापट्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळणार नाही. ज्याला माहीत आहे तो सांगतो, ज्याला नाही तो ओशाळतो. पाटीवरचा प्रश्न समोरची वस्तू पाहून किंवा हाताळून सुटला पाहिजे, नाहीतर तो परीक्षेतला प्रश्न होतो.

त्यानंतर दोन मसुदे आणखी झाले. आज भिंतीवर आहे ती पाटी अशी:

मापटं
धान्य मोजायचं भांडं

याने धान्य तोलत नसत, भरून मोजत.
वर टोक येईपर्यंत भरलं, की त्या टोकाला शीग म्हणत.
काठावरून हात फिरवला, की शीग पडे
आणि धान्य कमी मिळे.
हे मापटं देणाऱ्या आजी सांगतात,
"परत घेताना शीग लावून घ्यायचे,
आमाला देताना हात फिरवून द्यायचे."
शेजारच्या डब्यातली ज्वारी दोन्ही प्रकारे भरून पाहा.
किती मुठी फरक पडला?

एकूण पन्नास-पंचावन्न शब्द. शेर गेला, चिपटं गेलं, लोखंडी पत्रा गेला, विसावं शतकही गेलं. काही सहकाऱ्यांना हे पटलं नाही. 'एवढी माहिती आहे तर का गाळायची?' असा त्यांचा मुद्दा, आणि तो चुकीचा नाही. म्हणून आम्ही माहितीच्या तीन जागा केल्या. वस्तूची मोजमापं, धातू, कोणी दिली, केव्हा दिली आणि नोंद क्रमांक हे सगळं नोंदवहीत. मापांचं कोष्टक टेबलाच्या वरच्या मोठ्या फलकावर: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. त्याच फलकावर हेही आहे की सरकारने १९५६ मध्ये कायदा केला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने आणले. शेराच्या शब्दाशेजारी एका मुलाने वाघाचं चित्र काढून त्यावर फुली मारली आहे, तीही आम्ही तशीच ठेवली. वस्तूसमोरच्या पाटीवर मात्र फक्त त्या वस्तूकडे पाहताना लागेल तेवढंच.

आठवी-नववीच्या शिक्षकांसाठी एक गंमत सांगते, जी पाटीवर नाही. शिगेचा डोंगर किती मोठा होईल हे मापाच्या तोंडावर अवलंबून असतं. धान्य ठराविक उतारानेच साचतं. त्यामुळे तोंड दुप्पट रुंद केलं, तर शीगेची उंचीही दुप्पट होते आणि तिच्यातलं धान्य आठपट. म्हणजे दोन भांड्यांत काठापर्यंत सारखंच धान्य मावत असलं, तरी बसक्या, रुंद तोंडाच्या भांड्याने शीग लावून घेणारा फायद्यात राहतो. शंकूचं घनफळ शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

भाषेवरून शिक्षक-खोलीत वाद झाला तो 'मापटं' की 'मापटे' यावर. पाठ्यपुस्तकात 'होते, केले' असतं, मग पाटीवर 'होतं, केलं' कसं चालेल? मुलं चुकीचं शिकतील, असं दोघांचं म्हणणं होतं. शुद्धलेखनाचे नियम बोलीतलं बोलणं लिहिताना अनुस्वार देऊ देतात, पण इतर लेखनात 'केले' हेच रूप सांगतात. आजींच्या वाक्याबद्दल म्हणून प्रश्न नव्हता. उरलेल्या पाटीबद्दल मी असं ठरवलं की ही पाटी मोठ्याने वाचली जाणार आहे, एक मूल वाचणार आणि पाच ऐकणार, म्हणून ती बोलल्यासारखी असावी. वरच्या मोठ्या फलकावर मात्र 'केले, आणले' ठेवलं. ही तडजोड आहे हे मला मान्य आहे. तुमच्या शाळेत उलट ठरलं तरी काही बिघडत नाही, फक्त एकाच पाटीत 'मापटे' आणि 'केलं' अशी सरमिसळ नको.

आता इंग्रजी. सुट्टीत पुण्या-मुंबईहून नातवंडं येतात, त्यांतली बरीच इंग्रजी माध्यमातली. शिवाय आमच्या मुलांनाही इंग्रजी वाचायला कारण हवं. पहिल्यांदा मी मराठी पाटीचं शब्दशः भाषांतर केलं होतं, आणि 'पारंपरिक परिमाण' म्हणून 'ट्रॅडिशनल युनिट ऑफ मेझरमेंट' लिहिलं. मराठीतला सगळा बोजडपणा जसाच्या तसा इंग्रजीत उतरला, वर वस्तूचं नावच गायब!

दुसऱ्या वेळी भाषांतर केलंच नाही. मराठी पाटी बाजूला ठेवली आणि ज्याने मापटं कधी पाहिलंच नाही अशा मुलाशी बोलतो आहोत असं धरून लिहिलं. मराठी मुलाला 'माप' हा शब्द घरातून माहीत असतो, त्यामुळे 'मापटं' म्हणताच अर्धं काम होतं. इंग्रजी वाचणाऱ्याला तो धागा नाही. त्याला आधी वस्तू काय आहे ते सांगावं लागतं. इथे उच्चारासकट कळावी म्हणून इंग्रजी पाटीची सुरुवात देवनागरीतच देते:

मापटं. अ पॉट फॉर मेझरिंग ग्रेन.
यू डिड नॉट वे ग्रेन विथ धिस. यू फिल्ड इट.
फिल इट टिल द ग्रेन स्टँड्स अप इन अ पॉइंट.
दॅट पॉइंट इज कॉल्ड शीग.
नाऊ स्वीप युअर हँड अक्रॉस द टॉप.
द शीग इज गॉन, अँड यू हॅव लेस.

'मापटं' आणि 'शीग' हे दोनच शब्द मूळचे ठेवले. शिगेसाठी 'हीप' चाललं असतं, पण हीप म्हणजे कसलाही ढीग, आणि शीग ही नेमकी मापावरची. वस्तूचं नाव आणि तिच्याशी जोडलेली एखादी नेमकी कल्पना मूळ भाषेत ठेवावी, बाकी सगळं सोप्या इंग्रजीत. पाचवा-सहावा परका शब्द आला की वाचणारा सोडून देतो. रोमन लिपीत 'मापटं' लिहिताना पहिल्या अक्षरानंतर दोन 'ए' लिहा. आम्ही एकच लिहिला होता, तर पाहुण्या मुलांनी 'मॅप्टा' वाचलं आणि त्यांना तो नकाशाचा काहीतरी प्रकार वाटला.

आजींचं वाक्य इंग्रजीत आणताना मी बराच वेळ अडले. त्यांची बोली इंग्रजीत येत नाही, आणि मोडकं इंग्रजी त्यांच्या तोंडी घालणं म्हणजे त्यांची चेष्टा. शेवटी साध्या, नीट इंग्रजीत त्यांचं म्हणणं लिहिलं, आणि अवतरणचिन्हं न लावता 'द ओनर रिमेंबर्स' असं सुरुवातीला जोडलं. तिचे शब्द नाहीत तिथे अवतरणचिन्हं नकोत.

छपाईबद्दल थोडं. मराठी आणि इंग्रजी ओळीआड ओळ छापू नका, दोन्ही भाषांचं वाचन तुटतं. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असे दोन स्तंभ ठेवा. संगणकावर दोन्हीला एकच आकडा दिला तरी देवनागरी अक्षर बारीक दिसतं, म्हणून मराठीचा आकार थोडा मोठा घ्या. ओळींमध्ये जागा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. चकचकीत लॅमिनेशन केलं तर ट्यूबलाइटचा पट्टा नेमका मधल्या ओळीवर पडतो. आमच्या पहिल्या सगळ्या पाट्या अशाच वाया गेल्या. आणि पाटी लावायच्या आधी चौथीतली दोन-तीन मुलं भिंतीशी उभी करून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर खूण करा. मी माझ्या उंचीने लावल्या होत्या, आणि मुलं टाचा उंचावून वाचत होती.

नवी पाटी लागल्यावर आजी पुन्हा आल्या. पणतीने वाचून दाखवली. त्यांनी मान डोलावली, मग डब्यातली ज्वारी घेऊन स्वतः मापटं भरलं, अशी शीग लावली की आमच्यापैकी कोणालाही तेवढी जमली नव्हती. आम्ही वरून ओतत होतो. त्या दोन्ही ओंजळींनी काठाशी दाबत, फिरवत रचत होत्या. मुलांनी लगेच मुठी मोजल्या, तर फरक आमच्या आधीच्या आकड्याच्या दीडपट निघाला. आता पाटीच्या शेवटच्या प्रश्नाआधी एक ओळ वाढवायची आहे, शीग कशी रचायची ते सांगणारी. ती सात शब्दांत बसत नाहीये.